लग्नातला एआय फोटो बूथ: रांग, संमतीची पाटी आणि प्रिंट यांची नीट घडी

पाहुण्यांचा फोटो काढायचा, संगणकावर त्याचं तैलचित्र किंवा रेखाचित्र करायचं आणि 4 बाय 6 इंचाची प्रिंट हातात द्यायची, एवढंच या बूथचं काम. कोल्हापुरात मंगल कार्यालयांत आणि जत्रा-प्रदर्शनांत असे बूथ लावणारे बरेचजण चित्र चांगलं कसं येईल यावरच सगळा जीव लावतात. बूथ कोलमडतो तो मात्र दुसरीकडेच. रांग तुंबते, एकाची प्रिंट दुसऱ्याच्या हातात जाते, आणि "आमचा फोटो कुणाला विचारून टाकला?" असा फोन दोन दिवसांनी येतो. खालचे टप्पे याच तीन गोष्टींसाठी आहेत. उदाहरण म्हणून 12:35 चा मुहूर्त असलेलं, साधारण 500 पाहुण्यांचं लग्न धरलं आहे. जत्रेसाठी काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

## टप्पा 1: आधी गणित, मग सामान

रांग सगळ्यात संथ टप्प्याच्या वेगाने चालते. त्यामुळे सुपारी घेण्याआधी घरी प्रत्येक टप्पा मोबाईलच्या घड्याळावर मोजा. मोजायचे टप्पे चारच: टोकन देणं, उभं करून फोटो काढणं, चित्र तयार होणं, प्रिंट निघणं.

प्रिंटरचा आकडा सगळ्यांत निर्णायक आहे. कॅनन सेल्फी सीपी1500 एक पोस्टकार्ड प्रिंट साधारण 41 सेकंदांत काढतो. ट्रेमध्ये 18 कागद मावतात, आणि 108 कागदांच्या पाकिटात येणारी रंगाची रिबन 36 प्रिंटनंतर बदलावी लागते. ट्रे भरायला 40 सेकंद आणि रिबनला एक मिनिट धरलं, तर तासाला 80 च्या आसपास प्रिंट होतात. डीएनपी आरएक्स1एचएस हा प्रिंटर हाच आकार सुमारे 12.4 सेकंदांत काढतो, म्हणजे कागदोपत्री तासाला 290. त्याचा एक रोल 700 प्रिंटचा असतो, त्यामुळे मध्येच थांबण्याचाही प्रश्न नाही.

आता उदाहरणातलं लग्न. एका गटाला उभं करून फोटो घेण्यात 30 सेकंद जातात. चित्र तयार व्हायला 12 ते 20 सेकंद लागतात, पण ते काम पुढचा गट उभा राहत असताना मागे चालू असतं. आरएक्स1वर गटाला दोन प्रती दिल्या तर 25 सेकंद, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा प्रिंटर किंचित वेगवान, आणि रांग वाहती राहते. तिसरी प्रत दिली की 37 सेकंद होतात. प्रत्येक गटामागे सात सेकंद साचत जातात आणि तासाभरात प्रिंटर चौदा मिनिटं मागे पडतो. म्हणून नियम असा करा: एका फोटोला दोन प्रती, तिसरी प्रत गर्दी ओसरल्यावर. यजमानाला हे सुपारीच्या वेळीच सांगून ठेवा, ऐनवेळी मामांशी वाद नको.

सेल्फीवर दोन प्रतींना 82 सेकंद लागतात, म्हणजे तासाला चाळीसच गट. मोठ्या लग्नात एकच सेल्फी घेऊन जाणं म्हणजे भांडण विकत घेणं. दोन ठेवा, नाहीतर एकच प्रत द्या.

कागदोपत्री आकडा कधीच गाठला जात नाही. आजींना हात धरून आणावं लागतं, लहान मूल रडतं. 30 सेकंदांच्या हिशोबाने तासाला 120 गट होतात, पण 70 टक्केच धरा, साधारण 85. अक्षतांनंतरच्या दोन तासांत 170 फोटो आणि 340 प्रिंट. वाया जाणाऱ्या दहा टक्के धरून 375 होतात, म्हणजे एक रोल पुरतो. तरीही दुसरा रोल सोबत असू द्या.

तपासणी: घरातल्या चौघांना घेऊन सलग दहा फोटो आणि वीस प्रिंट काढा. दहाव्या फोटोनंतर शेवटची प्रिंट एका मिनिटात हातात आली, तर घडी बसली. चार-पाच प्रिंट मागे राहिल्या असतील, तर कोणता टप्पा अडला ते आत्ताच शोधा.

## टप्पा 2: चित्राची सेटिंग घरीच कायम करा

कार्यालयातल्या इंटरनेटवर अवलंबून राहू नका. पाचशे मोबाईल एकाच टॉवरवर असताना फोटो वर चढवून परत उतरवणं शक्य होत नाही. ग्राफिक कार्ड असलेला स्वतःचा संगणक न्या आणि मॉडेल त्यावरच चालवा. संमतीचं कामही त्यामुळे सोपं होतं, ते पुढे येईल.

स्टेबल डिफ्यूजन 1.5 या चित्र करणाऱ्या मॉडेलवर 512 बाय 768 पिक्सेलचं चित्र करा. ते प्रमाण 4 बाय 6 इंचाच्या कागदाशी बरोबर जुळतं, आणि मोठं करून 1200 बाय 1800 केलं की 300 डीपीआयची पूर्ण प्रिंट होते. कापाकापी लागत नाही. वेगासाठी एलसीएम प्रकारचा लोरा, म्हणजे मॉडेलला लावायची छोटी पूरक फाईल, जोडून सहा-आठ स्टेपमध्ये काम भागवा. मूळ फोटो किती बदलायचा हे ठरवणारा डीनॉइजचा आकडा 0.35 ते 0.45 मध्ये ठेवा. त्यावर गेलं की चित्र देखणं होतं, पण माणूस ओळखू येत नाही. लग्नात माणूस ओळखू येणं जास्त महत्त्वाचं.

इथे आपल्याकडच्या लग्नातली खरी अडचण येते. नथ ही मॉडेलला नीट समजत नाही. मोत्यांचा तो झुपका वरच्या ओठावर पसरतो, आणि चित्रात बाईला अर्धी मिशी आल्यासारखी दिसते. मुंडावळ्यांच्या माळा गालावरच्या व्रणांसारख्या उमटतात. कुंकू पुसलं जातं. फेट्याचा तुरा केसांत विरघळतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बरीच मॉडेलं सावळा रंग परस्पर उजळवतात. लोकांना ते कळतं आणि लागतं. म्हणून चाचणीचे फोटो असेच निवडा: नथ, मुंडावळ्या, फेटा, चष्मा, दाढी, सावळा वर्ण आणि सुरकुत्या. बिघाड दिसला तर आधी डीनॉइज कमी करा, मग रेषा धरून ठेवणारं कंट्रोलनेट जोडा. तरीही नथ बिघडत असेल, तर चेहऱ्याच्या भागात मूळ फोटो 30 ते 40 टक्के मिसळा. चित्रपण थोडं कमी होतं, पण तक्रार येत नाही.

गट मोठा झाला की चेहरे बिघडतात, त्याचं कारणही समजून घ्या. हे मॉडेल चित्र आठपट लहान करून त्यावर काम करतं. आडव्या 768 पिक्सेलमध्ये खांद्याला खांदा लावून सहाजण उभे राहिले, तर एकेक चेहरा पन्नासेक पिक्सेल रुंद येतो. मॉडेलच्या हातात उरतात जेमतेम सहा चौकोन. त्यात डोळे, नाक आणि नथ कशी बसायची? चौघांपर्यंत ठीक चालतं. पाच-सहाजण आले तर पुढे-मागे दोन ओळींत उभे करा. दहाजणांच्या गटाला नम्रपणे दोन फोटोंत विभागा.

शैली तीनच ठेवा. प्रत्येकीचा छापलेला नमुना रांगेतच टांगा. आठ शैली ठेवल्या की प्रत्येक गट कॅमेऱ्यासमोर उभा राहून चर्चा करतो, आणि तुमचे 30 सेकंद मिनिटावर जातात.

## टप्पा 3: मांडणी

बूथ स्टेजजवळ आणि जेवणाच्या दारात लावू नका, दोन्हीकडची गर्दी एकमेकांत मिसळते. एका बाजूने रांग आत आणि दुसऱ्या बाजूने लोक बाहेर, असा मार्ग ठेवा. प्रिंट देण्याचं टेबल कॅमेऱ्यापासून तीन-चार मीटर लांब हवं. प्रिंटची वाट पाहणारे कॅमेऱ्यासमोरच घुटमळले की पुढचा गट उभाच राहू शकत नाही.

मागे एकरंगी, सुरकुत्या नसलेला पडदा लावा. फुलांची भिंत डोळ्यांना छान वाटते, पण मॉडेल त्या फुलांत नको तिथे चेहरे काढतं. पडद्याचा दुसरा फायदा असा की मागून जाणारे, फोटोला होकार न दिलेले लोक चौकटीत येत नाहीत. कार्यालयाचे जांभळे-निळे दिवे बूथवर पडत असतील तर ते बंद करवून घ्या आणि आपले दोन पांढरे एलईडी पॅनेल लावा. पायांच्या जागी जमिनीवर रंगीत टेप चिकटवा. "थोडं मागं, अजून थोडं" हे वाक्य दिवसभरात बोलावंच लागू नये.

वीज वेगळ्या 16 अँपिअरच्या पॉइंटवरून घ्या. डीजे आणि मांडवाच्या दिव्यांच्या बोर्डातून घेऊ नका. संगणक आणि प्रिंटर दोन्ही यूपीएसवर हवेत. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत प्रिंटर थांबला, तर तो कागद वाया जातोच, कधी अर्धा आत अडकून बसतो.

तपासणी: पाहुणे यायच्या आधी पाच खोटे फोटो पूर्ण साखळीतून काढा. मॉडेल पहिल्यांदा मेमरीत चढताना पहिलं चित्र बराच वेळ घेतं. तो वेळ नवरीच्या मावशीच्या वाट्याला येऊ नये.

## टप्पा 4: संमती, आणि तीही रांगेत उभं असतानाच

यजमानाने बूथ लावला म्हणजे पाहुण्यांनी होकार दिला, असं होत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मधला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याचा गाभा बूथवाल्यासाठी सोपा आहे. काय घेतो आणि कशासाठी घेतो ते साध्या भाषेत आधी सांगायचं. जितक्या सहज होकार घेतला तितक्याच सहज तो मागे घेता आला पाहिजे. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची परवानगी लागते.

पाटी ए2 आकाराची करा आणि रांगेच्या सुरुवातीला लावा. कॅमेऱ्याशेजारी लावलेली पाटी कुणी वाचत नाही, तिथे लोक पदर सावरण्यात गुंतलेले असतात. मजकूर असा पुरतो:

> इथे तुमचा फोटो काढून संगणकावर त्याचं चित्र केलं जातं आणि छापून दिलं जातं. फोटो याच संगणकावर राहतो, इंटरनेटवर जात नाही.
> पांढरं टोकन: कार्यक्रम संपल्यावर आज रात्री फोटो आणि चित्र पुसलं जातं.
> पिवळं टोकन: चित्राची एक प्रत वधूवरांच्या अल्बमसाठी दिली जाते, बाकी सगळं पुसलं जातं.
> 18 वर्षांखालील मुलांसोबत आई, वडील किंवा पालक हवेत.
> विचार बदलला तर टोकन नंबर सांगा, लगेच पुसतो. नंतर कळवायचं असेल तर: (चालकाचं नाव आणि फोन).
> तक्रार डेटा संरक्षण मंडळाकडेही करता येते.

दोन रंगांच्या टोकनांमुळे वेगळा फॉर्म भरून घ्यावा लागत नाही. टोकन देणारा माणूस प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारतो, "फोटो नवरा-नवरीच्या अल्बमात दिला तर चालंल न्हवं?" स्पष्ट हो आलं तर पिवळं. गप्प राहिले, किंवा गटातल्या एकाने जरी नको म्हणून मान हलवली, तर सगळ्यांना पांढरं. या प्रश्नाला दहा-पंधरा सेकंद लागतात, पण ते रांगेत उभं असताना जातात, म्हणून वेग घटत नाही. टोकनाचे नंबर आधीच वाटून ठेवा: पांढरी 1 ते 300, पिवळी 501 ते 800. मग फाईलच्या नावावरूनच रंग कळतो.

जत्रेत अल्बम नसतो. तिथे पिवळं टोकन म्हणजे "नमुना म्हणून आमच्या जाहिरातीत वापरू", आणि ते तसंच स्पष्ट लिहायला हवं. पैसेही टोकनाच्याच वेळी घ्या. प्रिंट हातात दिल्यावर यूपीआय उघडायला लावलं की देण्याचं टेबल तुंबतं.

इशारा: शाळकरी पोरं घोळक्याने एकटीच येतात. "आई जेवायला बसलीय" हे उत्तर परवानगी नव्हे. त्यांना टोकन देऊ नका, आईला घेऊन या म्हणून सांगा.

## टप्पा 5: प्रत्यक्ष चालवताना

माणसं तीन लागतात. एक टोकनावर, एक कॅमेऱ्यावर, एक प्रिंटवर. दोघांत भागवायचं असेल तर टोकन आणि प्रिंट एकाकडे देऊ नका, तो दोन टोकांना धावत राहतो.

क्रम असा ठेवा. कॅमेरावाला आधी टोकन नंबर टाकतो, मग फोटो घेतो, आणि मूळ फोटो मोठ्या स्क्रीनवर दोन सेकंद दाखवतो. डोळे मिटले असतील तर लगेच एकदा पुन्हा. तयार झालेलं चित्र मात्र स्क्रीनवर दाखवू नका. दाखवलं की "ह्याच्यापेक्षा दुसरी स्टाइल बघूया की" सुरू होतं, आणि रांगेचा वेग अर्ध्यावर येतो. चित्र थेट प्रिंटवरच बघायला मिळावं.

टोकन नंबर प्रिंटच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत छापला गेला पाहिजे. चुकीच्या हातात प्रिंट जाण्याची नव्वद टक्के कारणं या एका गोष्टीने मिटतात, कारण फेटा बांधलेले चार चुलते चित्रात सारखेच दिसतात. बिनकडेच्या प्रिंटमध्ये प्रिंटर चारही बाजूंनी थोडं कापतो, म्हणून नंबर कडेपासून किमान 5 मिलिमीटर आत ठेवा.

न निघालेल्या प्रिंटवर लक्ष असू द्या. फोटो झालेले पण प्रिंट न मिळालेले गट दहाच्या वर गेले, तर कॅमेरा दोन मिनिटं थांबवा. लोक फोटोच्या रांगेत शांतपणे उभे राहतात. फोटो काढून झाल्यावर मात्र "काय वो, आमचा कधी मिळायचा?" हे मिनिटामिनिटाला ऐकावं लागतं.

इशारा, अक्षता: मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी छपाई पूर्ण थांबवा, प्रिंटर बंद करून त्यावर स्वच्छ सुती कापड टाका. आपल्याकडे अक्षता हॉलच्या शेवटच्या रांगेतूनही उडतात. तांदळाचा एक दाणा रोलरमध्ये गेला की प्रत्येक प्रिंटवर एकाच ठिकाणी दाबल्याचा ठसा येतो, आणि भर गर्दीत प्रिंटर उघडावा लागतो. चालू प्रिंटर झाकू नका, तो तापतो. 12:30 ते 12:45 हा वेळ हिशोबातूनच वगळा. जिथे गुलाल उधळला जातो तिथे, म्हणजे वरातीच्या वाटेवर किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेसारख्या जागी, प्रिंटर उघड्यावर चालवूच नका. बंद गाळ्यात ठेवा.

## टप्पा 6: प्रिंटची हाताळणी

हा प्रिंटर शाई फवारत नाही. रिबनवरचा पिवळा, किरमिजी आणि निळसर रंग उष्णतेने एकामागून एक कागदात उतरतो आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो. त्यामुळे बाहेर आलेली प्रिंट कोरडीच असते, फुंकर मारायची किंवा हलवायची गरज नाही. धोका छपाईच्या आधी असतो. कागदाच्या पृष्ठभागावर धूळ किंवा तेलकट बोटाचा ठसा असेल, तर तिथे रंग बसत नाही आणि पांढरा ठिपका राहतो. ठिपके जागा बदलत असतील तर कागदावर धूळ आहे. प्रत्येक प्रिंटवर एकाच ओळीत लांबलचक रेघ येत असेल, तर प्रिंटरचं हेड घाण झालं आहे.

म्हणून रोल किंवा कागद एकाच माणसाने भरायचा, हात धुऊन, कोरडे करून. हळदी-कुंकवाचा, जिलेबीचा हात त्याला लागता कामा नये. एसी गाडीतून आणलेलं पाकीट गरम हॉलमध्ये लगेच फोडू नका, ओल धरते. अर्धा तास तसंच राहू द्या.

बाहेर आलेल्या प्रिंट ट्रेमध्ये साचू देऊ नका. उचला, कडेने धरा, नंबरानुसार उभ्या खोक्यात लावा. गरम प्रिंटच्या गठ्ठ्याला रबर लावलं की कागद वाकतो आणि तसाच राहतो. पाकिटं पॉलिप्रोपिलीनची घ्या. मऊ पीव्हीसीचे पाऊच स्वस्त मिळतात, पण त्यातलं द्रव्य काही महिन्यांत रंग ओढून घेतं आणि चित्र पाऊचला चिकटतं.

प्रिंट देताना टोकन परत घ्या आणि नंबर जुळवून मगच द्या. "आमचंच हाय ते" यावर विश्वास ठेवू नका. टोकन हरवलं असेल तर चेहरा बघून द्या, घाई करू नका. न नेलेल्या प्रिंट यजमानाकडे सोपवण्याचा मोह होतो, पण पांढऱ्या टोकनाच्या असतील तर त्या फाडायच्या.

## टप्पा 7: आवराआवर आणि पुसणं

पाटीवर "आज रात्री पुसतो" लिहिलं आहे, ते खरंच करा. आधी पिवळ्या टोकनांची चित्रं वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. मग फोटो जिथे जिथे राहतात त्या सगळ्या जागा रिकाम्या करा. कॅमेऱ्याचं कार्ड सगळ्यांना आठवतं, बाकीच्या जागा विसरतात. मॉडेल चालवायला कम्फीयूआय हा प्रोग्राम वापरत असाल तर हे तीन फोल्डर:

```
ComfyUI\input
ComfyUI\output
ComfyUI\temp
```

मूळ फोटो `input` मध्ये राहतात, आणि लोक फक्त `output` पुसतात. विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीमध्ये `Keep printed documents` वर खूण असेल तर छापलेली फाईल रांगेत तशीच राहते, ती खूण कार्यक्रमाआधीच काढा. शेवटी रीसायकल बिन.

सर्वांत दुर्लक्षित जागा संगणकात नसतेच. वापरलेली रिबन उलगडून उजेडात धरा. जिथला रंग कागदावर गेला तिथे उलटं चित्र स्पष्ट दिसतं, प्रत्येक पाहुण्याचा चेहरा ओळखता येईल इतकं. अशी रिबन कार्यालयाच्या कचऱ्यात टाकणं म्हणजे सगळे फोटो टाकून जाणं. संपलेला रोल घरी आणा, कटरने लांबीच्या दिशेने आरपार कापा आणि मगच टाका. जाळू नका, प्लास्टिक आहे.

अर्धवट राहिलेला रोल पुढच्या सुपारीला वापरायचा असेल तर कागद आणि रिबन ही जोडी फोडू नका. दोन्ही एकाच संख्येचे येतात. दुसऱ्या जोडीतली रिबन लावली की कागद शिल्लक असताना रिबन संपते. जोडीवर उरलेली संख्या मार्करने लिहा, पिशवीत बंद करा, आणि त्या रिबनवर गेल्या लग्नातले चेहरे अजून आहेत हे लक्षात ठेवून ती कुलूपबंद जागी ठेवा.